घराचा शेवटचा हप्ता भरतोय, स्टेटसला काय लिहू?

शिवणमशीन
नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, मांजलपूरला राहतो. २००९ च्या जूनमध्ये १२ लाखांचं लोन काढून दोन खोल्या-किचनचा फ्लॅट घेतला होता. मुदत वीस वर्षांची. ह्यांच्या कंपनीचा दिवाळी बोनस आला की त्यातून दरवर्षी एक हप्ता जास्तीचा भरत गेलो, म्हणून आता या महिन्यात संपतंय. शेवटचा हप्ता पाच तारखेला कापला जाईल.

त्या दिवशी स्टेटस आणि फेसबुकवर काहीतरी लिहायचं आहे. मी लिहिलं ते असं:

"स्वप्न, संयम आणि शिस्तीची सोळा वर्षं... आज घर खऱ्या अर्थाने आपलं झालं! 🏡🙏"

मुलगी म्हणते, आई, हे बिल्डरच्या जाहिरातीसारखं वाटतंय. तिचं पटलंय, पण दुसरं काही सुचत नाही. तुम्ही सांगा.

मांडवीचा_चहा
अभिनंदन ताई! मुलगी बरोबर बोलते. 😄 स्वप्न, संयम, शिस्त हे तिन्ही शब्द कुणीही कशावरही लिहू शकतो. वजन कमी केलं तरी हेच लिहितात.

पोहे_जिलबी
इंदूरहून अभिनंदन. माझ्याकडून एक घ्या: "आता घर आमचं. बँकेचं फक्त भिंतीवरचं कॅलेंडर."

शिवणमशीन
@पोहे_जिलबी 😂😂 ह्यांना वाचून दाखवलं, दोनदा हसले. आणि खरंच आमच्याकडे बँकेचंच कॅलेंडर आहे.

गोत्रीकर
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. कर्ज घेतलं तर फेडायचंच असतं, त्यात गाजावाजा कसला? आमच्या वडिलांनी घर फेडलं त्या दिवशी देवासमोर साखर ठेवली आणि संपलं. स्टेटस टाकलं की आठ दिवसांत कुणीतरी नातेवाईक उसने मागायला येतो. "आता हप्ता नाही ना तुम्हाला" हे वाक्य मी स्वतः ऐकलंय.

मांडवीचा_चहा
दादा, उसने मागणारा स्टेटस बघून येत नाही, तो तसाही येतो.

हिशोबी_माणूस
कॅप्शनमध्ये आकडा टाका, आकडा बोलतो. १२ लाख, २० वर्षं, दर ९ टक्के धरला तर हप्ता १०,७९७ येतो. गुणिले २४० म्हणजे २५,९१,२८०. सरळ लिहा: "बारा लाखांच्या कर्जाचे सव्वीस लाख भरले." लोकांचे डोळे उघडतील.

शिवणमशीन
हप्ता तुम्ही म्हणता तितकाच होता हो सुरुवातीला! सव्वीस लाख वाचून मात्र पोटात गोळा आला. कधी बेरीजच केली नव्हती.

लष्करवाले_काका
ताई, गोळा येऊ देऊ नका, बेरीज चुकली आहे. मी ग्वाल्हेरचा, बँकेत लोनच्या टेबलावर बरीच वर्षं काढून निवृत्त झालो.

हिशोबी भाऊंचा गुणाकार पूर्ण वीस वर्षं हप्ता भरणाऱ्याचा आहे. तुम्ही दर दिवाळीला एक हप्ता जास्त भरलात. ९ टक्के दर कायम धरला तर असं कर्ज सुमारे साडेसोळा वर्षांत संपतं, आणि एकूण भरणा तेवीस लाखांच्या थोडा वर जातो. म्हणजे त्या बोनसच्या हप्त्यांनी तुमचं पावणेतीन लाखांच्या आसपास व्याज वाचवलं आणि साडेतीन वर्षं सोडवली. २००९ च्या जूनपासून मोजा, बरोबर इथेच येऊन पोचता.

हा ढोबळ हिशोब आहे, कारण तुमचा दर फ्लोटिंग असणार आणि मधल्या काळात तो वर-खाली झालेला असणार. आकडा लिहायचाच असेल तर बँकेकडून खात्याचा पूर्ण उतारा मागा आणि त्यातली भरण्याची बेरीज घ्या. अंदाजाचा आकडा फेसबुकवर टाकलात तर असाच कुणीतरी गुणाकार करत बसेल.

एवढी वर्षं लोक समोर बसलेले पाहिले म्हणून एक गोष्ट सांगतो. तुमच्या पहिल्या हप्त्याच्या १०,७९७ पैकी व्याज किती होतं? बारा लाखांवर महिन्याचं पाऊण टक्का, म्हणजे ९,०००. कर्जातून उतरले फक्त १,७९७. पहिली चार-पाच वर्षं माणूस भरत राहतो आणि बाकी हलतच नाही. जास्तीचं काही भरलं नसतं तर दहा वर्षांनंतरही साडेआठ लाख शिल्लक दिसले असते. मुदत अर्धी संपली आणि कर्ज एक तृतीयांशही उतरलं नाही, हे बघून खचलेले लोक मी पाहिलेत. शिस्त म्हणायची ती या काळातली. बाकी उतरत नसताना बोनस खर्च न करणं.

शिवणमशीन
काका, तुम्ही आमच्या घरात बसून बघितल्यासारखं लिहिलंत. २०१२ ला ह्यांनी उतारा आणला आणि म्हणाले, इतकं भरलं, गेलं कुठे? त्या दिवाळीला आमचं भांडण झालं होतं. मला फ्रीज बदलायचा होता. बोनस बँकेतच गेला, फ्रीज २०१७ ला आला.

मांडवीचा_चहा
ताई, तुमचं कॅप्शन सापडलं! फ्रीज!

पोहे_जिलबी
"फ्रीज २०१७ ला आला. घर आज आलं." घ्या भिया, यापेक्षा काय पाहिजे.

शिवणमशीन
हे आवडलं. पण सासूबाईंना वाटेल मी फ्रीजची तक्रार करतेय. 🙈

नवीन_कर्जदार
माझाही प्रश्न यातलाच आहे. माझं लोन २०१९ चं, अठरा वर्षांचं. परवा ॲपमध्ये पाहिलं तर अजून वीस वर्षं दाखवतंय! सहा वर्षं भरून मुदत वाढली कशी? हप्ता एकदाही वाढलेला नाही. मी आधी बोनस भरू की एसआयपी चालू ठेवू?

लष्करवाले_काका
हप्ता वाढला नाही, म्हणूनच मुदत वाढली. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. बऱ्याच ठिकाणी हप्ता तोच ठेवून मुदत ताणली गेली. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलंय की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला निवडू द्यावं. शाखेत लेखी अर्ज द्या, हप्ता वाढवून मुदत मूळ जागी आणता येईल का विचारा. एसआयपीचं मात्र वेगळा धागा काढून विचारा, इथे ताईंचं कॅप्शन राहून जाईल.

हिशोबी_माणूस
काका, मान्य, माझा आकडा पूर्ण मुदतीचा होता. पण एसआयपीवर बारा टक्के धरले तर नऊ टक्क्यांचं कर्ज आधी फेडणं हा तोटाच आहे. ताईंनी तो बोनस गुंतवला असता तर

मांडवीचा_चहा
भाऊ, तुम्ही कॅप्शनच्या धाग्यावर ताईंना सोळा वर्षांचा तोटा सांगताय? 😄

हिशोबी_माणूस
सांगतोय खरा. बरं, गप्प बसतो. पण माझं मत बदललेलं नाही.

थोरली_लेक
मी सहसा फक्त वाचते, पण इथे लिहावंसं वाटलं.

माझ्या आई-बाबांनी घर फेडलं तेव्हा बाबांनी फेसबुकवर मोठी पोस्ट लिहिली होती. त्यात "आमच्या लेकीने दहावीची सहल सोडली, नवे कपडे मागितले नाहीत" असं होतं. दोनशे लाइक आले. सगळ्या मावश्या-काकांनी मला "गुणी बाळ" म्हटलं. मला मात्र फार विचित्र वाटलं. एक तर सहल मी सोडली नव्हती, मला विचारलंच नव्हतं. दुसरं म्हणजे माझ्या कॉलेजच्या मैत्रिणींनी ते वाचलं. आमच्याकडे पैसे नव्हते हे सांगायचं की नाही, ते मला ठरवायचं होतं.

बाबांचा हेतू चांगला होता, अजूनही ती पोस्ट त्यांनी ठेवली आहे आणि मी काढा म्हटलेलं नाही. पण ताई, त्याग लिहिताना तुमचा स्वतःचा लिहा. फ्रीज तुमचा आहे, तो लिहा. मुलीचं काही असेल तर आधी तिला विचारा.

शिवणमशीन
खूप बरं झालं तुम्ही लिहिलंत. मी खरंच पुढच्या मसुद्यात "मुलीनेही खूप समजून घेतलं" असं घालणार होते. तिला विचारलं. ती म्हणाली, माझं नाव नको, पण आजीचं टाक.

आता आजीचं सांगते. २००९ ला बँकेनं सगळी किंमत दिली नव्हती, वरचे पैसे आपले घालायचे होते. ते कमी पडले तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या पाटल्या मोडल्या. कुणी मागितल्या नव्हत्या. मांडवीत जाऊन स्वतः विकून आल्या आणि पैसे रुमालात बांधून ह्यांच्या हातात दिले. त्यानंतर घरात तो विषय कधी निघाला नाही. आता त्या ७९ वर्षांच्या आहेत.

गोत्रीकर
ताई, आता मी माझं पहिलं म्हणणं थोडं मागे घेतो. आजींसाठी लिहा. फक्त त्यांना आधी वाचून दाखवा. आमच्या आजीच्या पिढीला सोनं मोडलं हे चारचौघांत सांगितलेलं आवडत नाही, त्यात कमीपणा वाटतो.

दांडियाबाजार
नाही पटत. म्हणून तर बायकांचं सोनं कुठल्याच हिशोबात दिसत नाही. बँकेच्या उताऱ्यात हप्ता दिसतो, बोनस दिसतो, पाटल्या कुठे दिसतात? पोस्टमध्येही नवऱ्याचा बोनस येणार आणि सासूचं सोनं "कमीपणा" म्हणून वगळायचं? आणि ताई, तुमचं काय? तुमचं नाव 'शिवणमशीन' आहे, ते उगाच नसेल.

शिवणमशीन
फॉल-पिको आणि ब्लाउज शिवते घरी. हप्ता ह्यांच्या पगारातून, सोसायटीचा मेंटेनन्स आणि घराचा वेरो म्हणजे घरपट्टी माझ्या शिवणातून, असं पहिल्यापासून वाटून घेतलं होतं.

दांडियाबाजार
मग तेही आलं पाहिजे. लिहा: "हप्ता ह्यांचा, वेरो माझा, पाटल्या आईंच्या. घर तिघांचं."

मांडवीचा_चहा
👏👏👏 हे फायनल करा. बडोद्याच्या माणसाला वेरो वाचूनच कळेल की लिहिणारी घर चालवते.

पोहे_जिलबी
छान आहे, पण आमचा फ्रीज गेला. 😢

थोरली_लेक
मलाही हेच आवडलं. कुणी कुणावर उपकार केल्यासारखं वाटत नाही.

रेसकोर्सची_रिमा
एक गोष्ट राहिली ना पण. कोविडमध्ये काय केलंत? "एकही हप्ता न चुकवता" असं लोक लिहितात, तसं तुम्हालाही लिहिता येईल का?

शिवणमशीन
ह्यांची कंपनी बंद होती तेव्हा तीन महिने मोरेटोरियम घेतलं होतं. म्हणजे हप्ता चुकला असं झालं का, काका?

लष्करवाले_काका
नाही. मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात रिझर्व्ह बँकेनं दोन टप्प्यांत ती सवलत दिली होती, आणि ती घेतली म्हणून थकबाकी धरायची नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. पण त्या महिन्यांचं व्याज चालूच राहिलं आणि बाकीत चढलं. तेव्हा "हप्ता चुकवला नाही" म्हणालात तर खोटं नाही. "एकही महिना थांबलो नाही" असं मात्र म्हणता येणार नाही. आणि खरं सांगू, थांबून पुन्हा सुरू केलं हे लपवायचं काय कारण? त्या वर्षी कितीतरी घरांत तेच झालं.

आता कॅप्शनपेक्षा महत्त्वाचं. ताई, पाच तारखेला हप्ता कापला गेला म्हणजे खातं बंद झालं असं समजू नका. शेवटचा हप्ता सहसा पूर्ण रकमेचा नसतो, तुटक आकडा असतो. कधी शेवटच्या काही दिवसांचं व्याज किंवा एखादा जुना चार्ज, असे चार-पाचशे रुपये मागे राहतात. ते कुणाच्या लक्षात येत नाही, आणि पुढे सिबिलमध्ये खातं चालू किंवा थकीत दिसतं. म्हणून आधीच शाखेत जाऊन अमुक तारखेला खातं बंद करायला किती लागतील तो आकडा लेखी घ्या. भरल्यावर उताऱ्यात बाकी शून्य दिसली पाहिजे आणि बँकेनं कर्ज पूर्ण फिटल्याचं पत्र दिलं पाहिजे. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जाला आधी फेडल्याचा दंड बँक लावू शकत नाही. कुणी मागितला तर लेखी मागा, बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

मग कागद. २००९ ला तुम्ही मूळ दस्त बँकेत ठेवलात तेव्हा कागदांची यादी करून पोच दिली असेल, ती शोधून ठेवा. परत घेताना त्या यादीशी एकेक कागद जुळवून घ्या. बिल्डरचा मूळ करार, पावत्या, सगळं. कर्ज दोघांच्या नावावर असेल तर दोघांनी जा. पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत कागद परत द्यायचे असा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई तिने द्यायची. कागद हरवले असतील तर नकला काढून देण्याचा खर्चही तिचाच, त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात.

शिवणमशीन
यादी आहे! सासूबाईंच्या ट्रंकेत. पण काका, मग स्टेटस पाच तारखेला टाकू की कागद हातात आल्यावर?

लष्करवाले_काका
मी कागद आल्यावर टाकेन. टेबलावर बसून असली सवय लागते.

दांडियाबाजार
मी पाच तारखेलाच. सोळा वर्षं जी तारीख बघून महिना काढला, त्याच तारखेला लिहिण्यात मजा आहे. कागद आल्यावर दुसरा फोटो टाका, कोण अडवतंय.

रेसकोर्सची_रिमा
फोटो कसला टाकणार पण? परवा आमच्या ग्रुपवर एका काकांनी बँकेचं पत्रच टाकलं. पूर्ण खाते क्रमांक, पत्ता, मोबाइल नंबर, सही, सगळं स्वच्छ वाचता येत होतं. दोन दिवसांत त्यांना फोन आला, "तुमचं लोन क्लोज झालंय, रिफंड द्यायचाय, ओटीपी सांगा." काका हुशार, ठेवला फोन. पण पत्राचा, पासबुकाचा, दस्ताचा फोटो टाकूच नका.

गोत्रीकर
हे शंभर टक्के. दाराचा फोटो टाका, तोरण लावून. फ्लॅट नंबरची पाटी दिसू देऊ नका.

पोहे_जिलबी
फ्रीजचा टाका.

शिवणमशीन
😂 फ्रीज, त्यावर कॅलेंडर, आणि कॅलेंडरवर पाच तारखेला गोल. हे ह्यांना फार आवडलंय. खाते क्रमांक कुठेच नाही.

सासूबाईंना कॅप्शन वाचून दाखवलं. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पाटल्या लिही, पण मोडल्या असं लिहू नकोस. दिल्या असं लिही." मूळ वाक्यात मोडल्या नाहीच, म्हणून तसंच ठेवतेय. ह्यांचं म्हणणं की आमच्या सोसायटीत निम्मे लोक गुजराती, त्यांना वाचता यावं म्हणून खाली गुजरातीतही लिही. ते मुलगी करून देणार आहे.

तारखेचं अजून ठरलं नाही. हे पाच म्हणतात, मला काकांचं ऐकून आता कागदांचीच काळजी लागलीय. काका, एक विचारू? २००९ ला बँकेनं गहाणखत नोंदवलं होतं की नुसते कागद ठेवून घेतले होते, ते कसं कळेल?

लष्करवाले_काका
ट्रंकेतल्या कागदांत सब-रजिस्ट्रारचा शिक्का आणि दस्त क्रमांक असलेलं गहाणखत आहे का बघा. तुमच्या विक्री दस्ताव्यतिरिक्त, वेगळं. असेल तर बँकेकडून गहाण सोडल्याचा दस्तही त्याच कार्यालयात नोंदवून घ्यावा लागेल, नाहीतर फ्लॅट विकताना शोध घेणाऱ्या वकिलाला बोजा दिसत राहील. नुसते कागद ठेवले असतील तर ते परत मिळणं आणि सरसाई या गहाणांच्या केंद्रीय नोंदणीत बँकेनं कर्ज फिटल्याचं भरणं, एवढं पुरतं. ते भरलं का, हे कागद घेतानाच विचारा. बडोद्यातल्या कार्यालयाची पद्धत मला ठाऊक नाही, तिथल्या एखाद्या वकिलाला दाखवून घ्या.

दांडियाबाजार
माझ्या ओळखीच्या वकीलबाई आहेत, रावपुऱ्यात बसतात. व्यक्तिगत निरोपात नंबर देते.

हिशोबी_माणूस
ताई, पुढच्या महिन्यापासून हप्ता मोकळा होतोय. त्याची एसआयपी तरी सुरू करा.

शिवणमशीन
@हिशोबी_माणूस पहिले दोन महिने सासूबाईंच्या पाटल्यांसाठी बाजूला काढतेय. सोन्याचा आजचा भाव बघता दोन महिन्यांत पाटल्या नाही, फार तर एखादी अंगठी येईल. बघू.

सुभानपुरा_एक्सप्रेस
सगळा धागा वाचला नाही, फक्त शीर्षक वाचलं. ताई, "होम स्वीट होम" लिहा आणि पुढे एक हार्ट. झालं.